नीडफुलकर साहेब

पगारपत्रकावर त्यांचं आडनाव वेगळं आहे, पण ऑफिसात ते कोणाला आठवत नाही. जो माणूस उभी नोकरी प्रत्येक पत्राच्या शेवटी 'काइंडली डू द नीडफुल' लिहीत आला, त्याला दुसरं आडनाव शोभतही नाही. असे नीडफुलकर भोसरी-चाकणच्या पट्ट्यात कारखान्यागणिक सापडतात, ठाणे-बेलापूरला सापडतात, नाशकात अंबड-सातपूरला सापडतात. बँकेतले असतील तर टेबलावर शाईचा पॅड असतो, कारखान्यातले असतील तर पंचिंग मशीन. बाकी ऐवज तोच: बॉक्स फायली, कागद उलटायला अंगठ्यावर रबरी टोपी, आणि आलेल्या प्रत्येक ई-मेलची प्रिंट. मेल वाचायचा तो कागदावर. त्यावर लाल शाईने 'नोटेड' लिहायचं, तारीख घालून सही करायची आणि मगच उत्तराला बसायचं.

उत्तराला बसणं हा एक विधीच. चष्मा पुसला जातो, चहा बाजूला सरकवला जातो. सुरुवात 'डिअर सर ऑर मॅडम'. पलीकडे बाई आहेत हे पक्कं ठाऊक असलं तरी दोन्ही लिहायचं. एकच लिहिलं तर चुकायची भीती. मग 'विथ रेफरन्स टू द ट्रेलिंग मेल', मग 'ॲज पर अवर टेलिफोनिक कॉन्व्हर्सेशन', मग 'प्लीज फाइंड अटॅच्ड हियरविथ'. इथवर येईतो पलीकडच्याला एवढंच कळलेलं असतं की मागे एक मेल आला होता, मध्ये एक फोन झाला होता आणि आता एक कागद जोडला आहे. तो कागद जोडायचा बरेचदा राहिलेला असतो. आणि मग समेवर यावं तसे साहेब नेमके येतात: 'काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक ॲट द अर्लिएस्ट. काइंडली कन्फर्म द सेम.' थँकिंग यू. कॉपीत अकरा माणसं.

घरीही ही सवय सुटत नाही म्हणतात. बिल्डिंगचे सेक्रेटरी असल्यामुळे पाण्याच्या टाकीच्या सूचनेत 'संबंधितांनी नोंद घेऊन योग्य ती कार्यवाही करावी' हे आलंच. पण एकदा घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी 'दूध संपले आहे, योग्य ते व्हावे' असं टाकलं. वहिनींनी वाचलं, मुलाने वाचलं, सुनेने अंगठा दिला. संध्याकाळी चहा कोराच झाला. रात्री साहेबांनी ग्रुपवर 'जेंटल रिमाइंडर' टाकला.

त्यांच्या इंग्रजीला कोणी हसलं की साहेब ताठ बसतात. "हे आमचं नाही, साहेबाचं इंग्लिश आहे. त्याच्याचकडून शिकलो." आणि यात ते अर्धे बरोबर आहेत, हे हसणाऱ्यांना ठाऊक नसतं. 'डू द नीडफुल' हा काही आपल्याकडे झालेला अपघात नव्हे. एके काळी इंग्लंडात तो चांगल्या घरातल्या पत्रांत राजरोस वापरला जायचा. तिथून तो कंपनी सरकारच्या कचेऱ्यांत आला, आणि कारकुनाने तो इमानाने उतरवून घेतला. पुढे त्याच कारकुनाच्या इंग्रजीला 'बाबू इंग्लिश' म्हणून साहेबानेच नावं ठेवली, ती गोष्ट वेगळी. गंमत अशी की इंग्रज इथून गेले १९४७ साली, आणि १९४८ साली त्यांच्या अर्थखात्याने सर अर्नेस्ट गॉवर्स नावाच्या आपल्याच एका मुरलेल्या अधिकाऱ्याकडून 'प्लेन वर्ड्स' नावाचं छोटं पुस्तक लिहून घेतलं. सरकारी नोकरांनी सरळ भाषेत लिहावं, एवढाच त्याचा विषय. म्हणजे त्यांनी आपल्या घरची जळमटं काढायला घेतली ती आपल्याला किल्ल्या देऊन झाल्यावर. आपल्या वाट्याला जुनं सामान आलं आणि आपण ते जपलं.

तर असे हे साहेब. त्यांच्या पत्रांना हात लावायची वेळ आमच्या कंपनीत कधीच आली नसती. आम्ही पंपांचे सुटे भाग करतो, पत्रव्यवहार ठरलेला, नमुने ठरलेले. साहेबांनीच केलेल्या नमुन्यांचं एक फोल्डर सगळ्या खात्यांत फिरतं. जो तो त्यातून उचलतो, नाव-नंबर बदलतो, पाठवतो. पण एका इंग्लिश गिऱ्हाइकाने पंपाच्या बॉडीतला बोअर अधिक काटेकोर मागितला. बोअर ४२ मिलिमीटरचा. आधी त्याला एच-७ टॉलरन्स होता, म्हणजे २५ मायक्रॉनची सूट. त्यांना हवा होता एच-६, म्हणजे १६ मायक्रॉन. आमच्या डिझाइनवाल्यांनी ड्रॉइंग बदललं, रिव्हिजन 'ए'ची 'बी' झाली, आणि साहेबांनी ते नमुन्याप्रमाणे रवाना केलं. रिवाइज्ड ड्रॉइंग जोडलं आहे, काइंडली रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट.

दोन दिवसांनी तिकडून एका ओळीचं उत्तर आलं: 'रिव्हर्ट टू विच रिव्हिजन?'

बिचाऱ्याचं काय चुकलं? त्याच्या इंग्रजीत रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. ज्या बदलासाठी त्याने महिनाभर पाठपुरावा केला, तोच बदल रद्द करा असं आम्ही त्याला 'काइंडली' सांगत होतो. साहेबांनी त्या मेलची प्रिंट काढली, 'नोटेड' लिहिलं आणि मला म्हणाले, "यांना त्यांचंच इंग्लिश येत नाही हो."

वरून हुकूम आला की फोल्डर साफ करा. काम माझ्याकडे आलं, पण त्याआधी आयटीतल्या एका उत्साही पोराने 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणून ते करून टाकलं होतं. सगळ्या फायलींवर एकदम फाइंड अँड रिप्लेस. 'काइंडली'च्या जागी 'प्लीज', 'रिव्हर्ट'च्या जागी 'रिप्लाय', 'द सेम'च्या जागी 'इट'. परिणाम बघण्यासारखा होता. जिथे साहेबांनी 'प्लीज काइंडली' असं दुहेरी आर्जव केलं होतं, तिथे 'प्लीज प्लीज' झालं. एक्स्पोर्ट मॅनेजर गिऱ्हाइकाच्या पाया पडतोय असं वाटावं. 'ऑन द सेम डे'चं 'ऑन इट डे' झालं. आणि दरांच्या पत्रात 'आम्ही जुन्या दरावर रिव्हर्टेड आहोत' असं एक वाक्य होतं, जिथे तो शब्द पहिल्यांदाच योग्य अर्थाने आला होता, नेमका तिथेच 'रिप्लाय'ला शेपटी जोडून असा शब्द तयार झाला की तो लंडनलाही चालेना आणि लोणावळ्यालाही. सगळं मागे घ्यावं लागलं. म्हणजे शब्दशः रिव्हर्ट.

तेव्हा मशीनकडून फक्त शोधायचं काम घ्यायचं, बदल हाताने करायचा, असं ठरलं. फायली साध्या टेक्स्टमध्ये काढल्या आणि त्यांच्या फोल्डरमध्ये उभं राहून एवढंच विचारलं:

```
grep -in "needful" *.txt
```

अक्षर लहान-मोठं न बघता ज्या ज्या ओळीत तो शब्द आहे ती ओळ, फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर, सगळं समोर. आणि यादी वाचताना लक्षात आलं की नीडफुल हा एक शब्द नाहीच. अकाउंट्सच्या पत्रात त्याचा अर्थ 'बिल पास करा'. स्टोअरच्या पत्रात 'रिकामे क्रेट परत पाठवा'. एचआरच्या पत्रात 'रजा मंजूर करा'. आयटीला गेलेल्या पत्रात 'पासवर्ड नवा द्या'. वाहतूकदाराला 'गाडी लावा'. इतकी वेगवेगळी क्रियापदं त्या एका झुलीखाली बसली होती. एक शब्द काढून दुसरा ठेवायचा, तर कुठला ठेवणार? प्रत्येक ठिकाणी जाऊन आत कोण बसलंय ते बघायला हवं.

आणि ते फक्त साहेबांना ठाऊक. मग मी खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी बसलो. त्या बोअरच्या पत्रापासूनच सुरुवात केली.

"साहेब, यात त्याने करायचं काय?"

"नीडफुल."

"म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अहो, शीट दोनवरचा बोअर बघायचा त्याने. सोळा मायक्रॉन बरोबर आहे का ते सांगायचं, आणि गुरुवारी दुपारपर्यंत सही करून ड्रॉइंग पाठवायचं. नाही आलं तर शुक्रवारी आपलं मशीन मोकळं बसेल, आणि मग त्याचा लॉट आठवडाभर पुढे जाईल. एवढं सरळ आहे की!"

इतकं स्वच्छ वाक्य मी त्या ऑफिसात कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत, आणि न केल्यास काय, चारही गोष्टी एका दमात. मी ते तसंच लिहून घेतलं आणि इंग्रजीत उतरवलं: 'प्लीज चेक द बोअर टॉलरन्स ऑन शीट टू अँड सेंड अस द साइन्ड ड्रॉइंग बाय थर्सडे नून. वी प्लॅन टु स्टार्ट मशिनिंग ऑन फ्रायडे.' लॉट पुढे जाईल ही तिसरी ओळ. विषयाच्या जागी 'रेग. कॅप्शन्ड सब्जेक्ट' होतं, तिथे भागाचा नंबर, रिव्हिजन 'बी' आणि 'अप्रूव्हल नीडेड बाय थर्सडे' आलं. संदर्भ, फोन, ट्रेलिंग मेल हे सगळं खाली गेलं. त्यातलं निम्मं लागलंच नाही, कारण जुना मेल खाली लटकलेलाच असतो.

साहेबांनी नवं पत्र दोनदा वाचलं. "फार उघडं वाटतं," म्हणाले.

हा शब्द त्यांनी अगदी बरोबर पकडला. मराठीत फोनवर बोलताना हा माणूस ठेकेदाराला, ड्रायव्हरला, साहेबाला नेमकं काय हवं ते दोन वाक्यांत सांगतो. इंग्रजीत लिहायला बसला की तोच माणूस ओढा ओलांडताना ओळखीच्या दगडावरूनच पाय टाकावा तसा एका ठरलेल्या वाक्यावरून दुसऱ्या ठरलेल्या वाक्यावर जातो. मधल्या पाण्यात पाय घातला तर व्याकरण वाहून जाईल ही धास्ती. पहिल्या नोकरीत हेडक्लार्कने मसुद्यावर फुल्या मारून हीच वाक्यं शिकवलेली. ती चुकत नाहीत, कोणाला लागत नाहीत. आणि 'गुरुवारी दुपारपर्यंत' असं लिहिलं की आपणही अडकतो. गुरुवारी आलं नाही तर शुक्रवारी फोन करणं आलं, सोमवारी जाब देणं आलं. 'ॲट द अर्लिएस्ट' कसं, कधीच चुकत नाही आणि कधीच संपत नाही.

तरी पुढची पत्रं याच पद्धतीने सोडवली. मी विचारायचं, त्यांनी मराठीत सांगायचं, मी लिहायचं. साहेबांना मजा येऊ लागली. 'काइंडली'बद्दल थोडी वादावादी झाली. त्यात चूक काहीच नाही, पण अमेरिकन माणसाला तो शब्द एक तर दटावल्यासारखा वाटतो, नाहीतर लॉटरी लागल्याचं सांगणाऱ्या भामट्याच्या मेलसारखा. तिकडे जाणाऱ्या पत्रांत साधं 'प्लीज' बरं. हे ऐकून साहेब हादरले. इतकी वर्षं आपण भामटे दिसत होतो की काय!

तारखांचा एक घोळ मात्र पुढे निस्तरावा लागला. नमुन्यात खरी तारीख घालता येत नाही, म्हणून तिथे पिवळा रंग दिलेली मोकळी जागा सोडली. डिस्पॅचमधल्या मुलीने घाईत तशीच पाठवली आणि गिऱ्हाइकाने विचारलं, हा पिवळा कुठला सण? तेव्हापासून ती जागा पत्राच्या पोटात न ठेवता विषयाच्या ओळीत ठेवतो. विषय रिकामा राहिला तर डोळ्यांत खुपतो, पोटातली रिकामी जागा कोणी बघत नाही.

खरं अडलं ते एका पत्रापाशी. पुरवठादाराच्या कास्टिंगला वारंवार भोकं निघत होती. साहेबांचं पत्र त्याला गेलेलं, कॉपी क्वालिटीला, कॉपी परचेसला, कॉपी प्रॉडक्शनला. शेवटी तोच मंत्र. दोन महिने झाले, कोणी हललं नव्हतं. क्वालिटीला वाटलं परचेस बघतंय, परचेसला वाटलं प्रॉडक्शनने तक्रार लेखी द्यायची आहे, आणि पुरवठादाराला वाटलं हे लोक आपसांत काहीतरी ठरवताहेत, ठरलं की कळवतील.

"साहेब, यात कोणी काय करायचं?"

साहेबांनी अंगठ्याची टोपी काढून टेबलावर ठेवली. "ते ज्याचं त्याने ठरवायचं."

फोनवर सांगायचं झालं तर काय सांगाल, असंही विचारून पाहिलं. ते गप्प. मराठीतही वाक्य येईना, कारण वाक्य नव्हतंच. रद्द माल परत पाठवायचा की इथेच वेल्डिंग करून घ्यायचा, खर्च कोणाच्या अंगावर, हे कोणीच ठरवलं नव्हतं, आणि नीडफुलने ती न ठरलेली गोष्ट दोन महिने छान झाकून धरली होती. असं पत्र सुधारता येत नाही. ते मी बाजूला काढलं आणि चौघांना एका खोलीत बसवलं. अर्ध्या तासात ठरलं: माल परत, भाडं पुरवठादाराचं, पुढच्या लॉटचे पहिले दहा नग क्वालिटीने कापून बघायचे. पत्र लिहायला त्यानंतर पाच मिनिटं लागली, आणि ते साहेबांनी एकट्याने लिहिलं. नीडफुल नव्हतं. 'द सेम' एकदा होतं, मी सोडून दिलं.

सगळंच उपटून टाकायचं नसतं. 'प्रीपोन' ठेवलं, मीटिंग अलीकडे आणायला इतका आटोपशीर शब्द इंग्रजांना सुचला नाही यात आपला काय दोष? इथल्या इथे चालणाऱ्या पत्रांत तो बिनदिक्कत चालतो. सरकारी कचेरीला जाणाऱ्या पत्रांना तर हातच लावला नाही. तिथे 'फॉर नेसेसरी ॲक्शन' हा शेरा फाइल पुढच्या टेबलावर ढकलायच्या कामी येतो आणि 'रिस्पेक्टेड सर' नसेल तर कागद आवकजावकलाच रेंगाळतो. त्या खात्याचा अनुभव साहेबांना आहे, मला नाही. तिथे त्यांचा शब्द अखेरचा.

इंग्लंडहून सही केलेलं ड्रॉइंग बुधवारीच आलं, गुरुवारच्याही आधी. साहेबांनी त्याची प्रिंट काढली. कॉपीतली माणसं अकरावरून तीनवर आली आहेत, तरी एक जण जास्तच आहे असं माझं मत आहे.

नीडफुलकर साहेब तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांचा मेल आला तर हसू नका, आणि तसाच नीडफुल तिसऱ्याला पुढेही ढकलू नका. सरळ फोन लावा आणि मराठीत विचारा, "साहेब, नेमकं काय करू?" नेमकं उत्तर आलं तर तेवढंच लिहून परत त्यांना मेल करा. आणि "तुम्ही बघा काय ते" असं उत्तर आलं, तर त्या कामाचं अजून काहीच ठरलेलं नाही असं समजा, आणि कृपा करून आपल्या डोक्यावर घेऊ नका.